चेकआउटच्या स्क्रीनवरची नाणेफेक

ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक माल बघतं, कार्टमध्ये टाकतं, मोबाइल नंबर देऊन ओटीपी भरतं, पत्ता लिहितं आणि ऐन पैसे देण्याच्या स्क्रीनवरून निघून जातं. दुकानदाराला सगळ्यात जास्त टोचते ती ही गळती. मग सल्ले येतात. यूपीआय वर आणा, बटण मोठं करा, पत्त्याच्या रकान्यांची संख्या कमी करा. एखादा बदल केला जातो, पुढच्या महिन्यात विक्री थोडी वाढलेली दिसते आणि श्रेय त्या बदलाला मिळून जातं. पण त्याच महिन्यात दिवाळीची खरेदी सुरू झालेली असते, किंवा पगार झालेले असतात, किंवा इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीला चांगली दाद मिळालेली असते. आधीचा महिना आणि नंतरचा महिना यांत स्क्रीन सोडून इतक्या गोष्टी बदलतात, की वाढ नेमकी कशाने झाली हे त्या तुलनेतून कधीच कळू शकत नाही.

यावरचा उपाय शेतीच्या प्रयोगांतून आला. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी खतांच्या चाचण्यांसाठी पद्धत बसवली. कोणत्या वाफ्यात कोणतं खत घालायचं हे माणसाने ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. म्हणजे जमिनीचा कस, पाणी, ऊन यांचा फरक दोन्ही बाजूंना सारखाच वाटला जातो. १९३५ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. आज वेबसाइटवर ज्याला ए-बी टेस्ट म्हणतात ती हीच पद्धत आहे. एकाच वेळी अर्ध्या लोकांना जुनी स्क्रीन दाखवायची, अर्ध्यांना नवी, आणि कोणाला कोणती हे नाणेफेकीवर सोडायचं. दिवाळी आली तर ती दोन्हीकडे येते आणि जाहिरात गाजली तरी दोन्हीकडे गाजते.

हे ऐकायला सोपं आहे, आणि चाचणी लावून देणारी सॉफ्टवेअरंही भरपूर आहेत. तरीही अशा चाचण्यांतून चुकीचे निष्कर्ष फार सहज निघतात. बहुतेक वेळा कोणी लबाडी केलेली नसते. आकडे समोर आल्यावर आपण आपल्याला हवा तो प्रश्न विचारतो, एवढंच होतं. म्हणून या सगळ्या प्रकारातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू मला सॉफ्टवेअर वाटत नाही. चाचणी सुरू होण्याआधी लिहून, तारीख घालून ठेवलेला एक कागद वाटतो. त्यावर काय असावं, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, सोलापुरी चादरी आणि टॉवेल विकणारं एक ऑनलाइन दुकान आहे. दुकान कल्पित आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. पैसे देण्याच्या स्क्रीनपर्यंत रोज १,००० माणसं पोचतात. या स्क्रीनवर आज कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे सीओडी, आधीच निवडलेली असते. तिच्याखाली यूपीआय, त्याखाली कार्ड. मालकीणबाईंचा त्रास असा, की सीओडीची बरीच पार्सलं दारातून परत येतात. कुरिअरवाले त्याला आरटीओ म्हणतात. माणूस घरी नसतो, मन बदललेलं असतं, कधी त्या दिवशी हातात रोकड नसते. दुकानावर जायचं भाडं पडतं, बहुतेक वेळा यायचंही पडतं, आणि परत आलेली चादर झटकून, नवी पिशवी घालून पुन्हा रॅकवर ठेवावी लागते. प्रस्ताव असा आहे: यूपीआय सगळ्यात वर आणि आधीच निवडलेला, सीओडी त्याच्याखाली, पण तितक्याच ठळक अक्षरांत. बाकी काहीही बदलायचं नाही, रंग नाही, मजकूर नाही, शिपिंगचा दर नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर परिणाम कोणाचा ते सांगता येणार नाही.

सीओडी लपवायची नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. लपवली तर यूपीआयचे आकडे नक्कीच सुधारतील. पण ग्राहकाला चकवणाऱ्या अशा मांडणीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. आणि कायदा नसता तरी, गिऱ्हाइकाला फसवून जिंकलेली चाचणी दुकानाला चांगल्या स्क्रीनबद्दल काहीच शिकवत नाही.

कागदावरची पहिली ओळ म्हणजे मोजायचं काय. इथेच बहुतेक जण घसरतात, कारण डॅशबोर्डवर जो आकडा आयता दिसतो तोच मोजला जातो. तो आकडा असतो 'ऑर्डर पडली'. आपल्या उदाहरणात तो दगा देणार हे आधीच उघड आहे. यूपीआय पुढे आणल्यावर 'बघू, दारात आल्यावर ठरवू' म्हणणारे काही जण ऑर्डरच देणार नाहीत. म्हणजे ऑर्डरी कमी झालेल्या दिसतील. पण ज्या पडतील त्यांतल्या जास्त पोचतील. दुकान चालतं ते पोचलेल्या आणि पैसे मिळालेल्या ऑर्डरींवर. म्हणून माप असं लिहायचं: पैसे देण्याच्या स्क्रीनवर आलेल्या दर १०० माणसांपैकी कितींकडे माल पोचला आणि पैसे दुकानाच्या खात्यात आले. प्रत्येक ऑर्डरीला त्यासाठी १५ दिवसांची मुदत द्यायची, पहिल्या दिवशीच्या ऑर्डरीलाही आणि शेवटच्या दिवशीच्याही. याचा अर्थ निकाल चाचणी संपल्यावर आणखी १५ दिवसांनी लागणार. ही वाट बघायची तयारी नसेल तर चाचणी न लावलेली बरी.

रुपयांची सरासरी मोजावी असंही कोणी म्हणेल. पण एखाद्या लॉजवाल्याने एकदम १५० चादरी मागवल्या, तर तो ज्या बाजूला पडला ती बाजू त्या एका ऑर्डरीनेच वर जाते. माणसं मोजली तर लॉजवाला एकच माणूस ठरतो. इतक्या लहान दुकानाला तेच माप भरवशाचं.

मोजणी कुठून घ्यायची, हेही लिहून ठेवावं लागतं. यूपीआयने पैसे देताना माणूस दुकानाच्या साइटवरून यूपीआय ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, पैसे कापल्याचा मेसेज बघतो आणि पुष्कळदा तिथूनच फोन खिशात टाकतो. दुकानाचं 'धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली' हे पान त्याच्या फोनवर उघडतच नाही. चाचणीचं सॉफ्टवेअर ते पान उघडण्यावरून ऑर्डर मोजत असेल, तर यूपीआयच्या ऑर्डरी कमी भरतील. आणि यूपीआयच्या ऑर्डरी नव्या स्क्रीनकडेच जास्त असणार. म्हणजे मोजपट्टीच एका बाजूला आखूड. म्हणून ऑर्डर पेमेंट गेटवेच्या आणि कुरिअरच्या नोंदींवरून मोजायची, गिऱ्हाइकाच्या फोनवर काय उघडलं त्यावरून नाही.

आता नाणेफेक. ती माणसागणिक व्हायला हवी, पान उघडण्यागणिक नाही. नाहीतर सकाळी जुनी स्क्रीन बघून गेलेल्या माणसाला संध्याकाळी नवी दिसेल, आणि त्याची ऑर्डर कोणाच्या खात्यात लिहायची हेच कळणार नाही. आपल्या दुकानात या स्क्रीनच्या आधीच मोबाइल नंबर आणि ओटीपी होऊन गेलेला असतो, ही मोठी सोय आहे. नंबर तोच, तर स्क्रीन तीच. पण 'शेवटचा आकडा सम असेल तर नवी, विषम असेल तर जुनी' हा शॉर्टकट टाळावा. लोक आवडीचे नंबर निवडून घेतात. शिवाय पुढच्या प्रत्येक चाचणीत तीच माणसं पुन्हा 'नव्या' बाजूला पडतात आणि आधीच्या प्रयोगाचा परिणाम सोबत घेऊन येतात. प्रोग्रामर मंडळी त्यासाठी मोबाइल नंबराला चाचणीचं नाव जोडून त्याचा हॅश काढतात, आणि त्या संख्येवरून बाजू ठरवतात. चाचणीचं नाव बदललं की माणसांची वाटणी नव्याने पिसली जाते. वाटणीची नोंद सर्व्हरवर, स्क्रीन दाखवण्याच्या आधी व्हायला हवी. तिथे एक मोठा सापळा आहे, त्याकडे पुढे येतो.

राहिला प्रश्न किती माणसांचा. यासाठी एक ढोबळ सूत्र पुरतं, पण त्याआधी मालकीणबाईंना एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: किमान किती फरक पडला तर तुम्ही स्क्रीन बदलाल? समजा, आज १०० पैकी ४० जणांचे पैसे हातात पडतात आणि हे ४२ झाले तरच बदल त्यांना परवडतो. मग ०.४ गुणिले उरलेले ०.६ म्हणजे ०.२४. त्याला १६ ने गुणायचं, आले ३.८४. हवा असलेला फरक ०.०२, त्याचा वर्ग ०.०००४. भागाकार ९,६००. प्रत्येक बाजूला इतकी माणसं हवीत, दोन्ही मिळून १९,२००. रोज १,००० माणसांच्या हिशेबाने साधारण १९ दिवस. पण रविवारचं गिऱ्हाईक आणि मंगळवारचं गिऱ्हाईक वेगळं असतं, म्हणून पूर्ण आठवडे धरायचे: सोमवारी सुरू, तिसऱ्या रविवारी बंद, २१ दिवस. एवढं केल्यावर २ टक्क्यांचा फरक खरंच असेल तर तो पाचपैकी चार वेळा पकडला जाईल. एकदा तरीही निसटेल, हेही मान्य करावं लागतं.

या सूत्रातली खरी गंमत त्या वर्गात आहे. २ ऐवजी १ टक्क्याचा फरक ओळखायचा असेल तर दुप्पट नाही, चौपट माणसं लागतात, म्हणजे प्रत्येक बाजूला ३८,४००. रोज १,००० माणसांच्या दुकानाला त्यासाठी ७७ दिवस हवेत. लहान दुकानाने बटणाच्या रंगासारख्या बारीकसारीक गोष्टींच्या चाचण्या लावू नयेत असं मी ठामपणे म्हणतो, त्याचं कारण हेच. असा परिणाम असलाच तर इतका छोटा असतो की तो दिसण्याएवढं गिऱ्हाईक त्या दुकानाकडे येतच नाही.

कागद तयार झाला, चाचणी सुरू झाली. आता सगळ्यात अवघड काम: डॅशबोर्डकडे बघून निर्णय न घेणं.

चौथ्या दिवशी प्रत्येक बाजूला साधारण २,००० माणसं झालेली असतात. समजा, नवी स्क्रीन ऑर्डरींमध्ये २ टक्क्यांनी पुढे दिसते. उत्साहाने कोणीतरी म्हणतं, 'झालं की, लावून टाका.' पण दोन्ही बाजूंना अगदी एकच स्क्रीन दाखवली असती, तरी चौथ्या दिवशी २ टक्के किंवा त्याहून जास्त तफावत निव्वळ योगायोगाने पाचात एकदा दिसली असती. तीच तफावत २१ व्या दिवशी योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात चारच्या आसपास उतरते. फरक तोच, पण त्यातून निघणारा अर्थ पार वेगळा.

आणि रोज बघून, 'आज फरक ठळक दिसतोय का' असं विचारत राहिलं, तर धोका साठत जातो. एकदाच बघायचं ठरवलं तर योगायोगाला विजय समजण्याची शक्यता, नेहमीच्या निकषाने, ५ टक्के असते. पीटर आर्मिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली हिशेब मांडून दाखवलं, की साठत जाणाऱ्या आकड्यांकडे ५ वेळा बघितलं तर ती १४ टक्के होते, १० वेळा बघितलं तर १९, आणि २० वेळा बघितलं तर जवळजवळ २५ टक्के. म्हणजे २१ दिवस रोज सकाळी चहासोबत डॅशबोर्ड उघडायचा आणि पहिल्या 'विजयाला' थांबायचं, असं केलं तर काहीही फरक नसलेली स्क्रीन चारात एकदा वेगळी ठरते.

मधे बघण्याची कायदेशीर वाटही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अब्राहम वाल्ड यांनी तिचं गणित बसवलं. प्रत्येक वेळी बघताना निकष इतका कडक ठेवायचा, की सगळ्या वेळा मिळून चूक ५ टक्क्यांच्या आतच राहील. (हे वाल्ड भारतात व्याख्यानांसाठी आले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातात गेले.) आजची काही सॉफ्टवेअरं हे गणित वापरतात. पण किती वेळा बघणार आणि कोणत्या निकषाने, हे आधी ठरलेलं असावं लागतं. एका कारणासाठी मात्र रोज बघायलाच हवं, ते म्हणजे मोडतोड. नव्या स्क्रीनवर पैसे कापले जातात आणि ऑर्डर बनत नाही असं झालं, तर चाचणी त्याच क्षणी बंद करावी, तिथे संख्याशास्त्राची वाट बघू नये.

२१ दिवस झाले, वरचे १५ दिवसही सरले. तरी निकालाच्या आकड्याला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासायची: दोन्ही बाजूंना माणसं सारखी आली का. आपल्याकडे जुन्या स्क्रीनला १०,५४० आणि नवीला १०,४६०. २१,००० वेळा नाणं उडवलं तर बरोबर १०,५०० च्या मागेपुढे दीडशेपर्यंत हलणं नेहमीचं आहे. इथे ४० चा फरक आहे, काळजी नाही.

पण समजा, जुनीला १०,८०० आणि नवीला १०,२०० अशी विभागणी आली असती. वरवर पाहता ५१ आणि ४९ टक्के, कोणाच्या डोळ्यात खुपणारही नाही. तरी खऱ्या नाणेफेकीत असं दहा हजारात एकदाही होणार नाही. याचा अर्थ वाटणीत काहीतरी गळतंय. आणि इथे तो सापळा येतो. समजा, नवी स्क्रीन थोडी जड आहे आणि वाटणीची नोंद स्क्रीन पूर्ण उघडल्यावर होते. जुना फोन, कमजोर नेटवर्क असलेला माणूस ती उघडायच्या आत कंटाळून निघून जातो आणि त्याची नोंदच होत नाही. नव्या बाजूला उरतात ते चांगले फोन, चांगलं नेट आणि बहुधा यूपीआयला सरावलेले लोक. नवी स्क्रीन उत्तम दिसते, कारण तिने पळवून लावलेली माणसं हिशेबातच नाहीत. असा बिघाड दिसला तर आकडे 'दुरुस्त' करायला बसू नये. कारण शोधावं, ते काढावं आणि चाचणी पहिल्यापासून पुन्हा लावावी. शक्य असेल तर खऱ्या चाचणीआधी आठवडाभर दोन्ही बाजूंना जुनीच स्क्रीन दाखवून बघावी. तेव्हाच विभागणी किंवा मोजणी वाकडी दिसली, तर दोष यंत्रणेत आहे हे स्वस्तात कळतं.

आता निकाल. जुन्या स्क्रीनवर १०,५४० पैकी ५,३७५ जणांनी ऑर्डर दिली, ५१ टक्के. नव्या स्क्रीनवर १०,४६० पैकी ५,२३०, म्हणजे ५० टक्के. डॅशबोर्डच्या भाषेत नवी स्क्रीन हरली. पण कागदावर लिहिलेलं माप वेगळं होतं. पैसे हातात पडले ते जुनीकडे ४,२१६ जणांचे, ४० टक्के, आणि नवीकडे ४,३९३ जणांचे, ४२ टक्के. ऑर्डरी एका टक्क्याने कमी, वसुली २ टक्क्यांनी जास्त.

हा २ चा आकडा मात्र मालकीणबाईंनी जसाच्या तसा वहीत उतरवू नये. इतक्या माणसांवरून काढलेल्या फरकाला साधारण १.३ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते. म्हणजे खरी वाढ ०.७ पासून ३.३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. शून्य या पट्ट्यात येत नाही, म्हणून वाढ आहे असं म्हणायला आधार आहे. पण माल किती भरायचा, कुरिअरशी किती पार्सलांचा करार करायचा, हे ठरवताना ०.७ च्या बाजूला राहावं. चाचणी जिंकलेले बदल प्रत्यक्ष लावल्यावर अपेक्षेपेक्षा कमी फळ देतात, हा सर्वसाधारण अनुभव आहे आणि त्याला कारण आहे. योगायोगाने ज्यांना थोडा हात दिला तेच जास्त करून जिंकतात.

ऑर्डरींच्या एक टक्का घटीबद्दल काय म्हणायचं? तिचा पट्टा उणे २.३ पासून अधिक ०.३ पर्यंत पसरतो. शून्य त्याच्या आत आहे. यावरून 'ऑर्डरींवर परिणाम झाला नाही' असं लिहिणं चूक ठरेल. ऑर्डरी दोन टक्क्यांनी घटल्या असण्याची शक्यता अजून उघडी आहे, ती नाकारण्याएवढी माणसं या चाचणीत नव्हती, इतकंच म्हणता येतं.

यानंतर मोह येतो तो तुकडे पाडायचा. पुण्यात काय झालं, विदर्भात काय, आयफोनवाल्यांत काय, रात्री दहानंतर खरेदी करणाऱ्यांत काय. आकडे हाताशी असतात आणि कुठल्या ना कुठल्या तुकड्यात काहीतरी नवलाचं सापडतंच. स्क्रीनचा काहीही परिणाम नसला आणि वेगवेगळे २० तुकडे तपासले, तरी त्यांतल्या निदान एकात तरी 'ठळक' फरक दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते. समजा, नागपूरच्या गिऱ्हाइकांत नवी स्क्रीन ६ टक्क्यांनी मागे पडलेली दिसली. तिथे सीओडीच जास्त चालते, लोक माल बघितल्याशिवाय पैसे देत नाहीत, असं स्पष्टीकरण पाच मिनिटांत तयार होतं आणि पटतंही. स्पष्टीकरण इतक्या सहज सुचतं, हेच त्याच्याकडे संशयाने बघायला पुरेसं कारण आहे. हा तुकडा आधीच्या कागदावर नसेल, तर तो निकाल मानायचा नाही. तो नवा प्रश्न म्हणून नव्या कागदावर लिहायचा आणि फक्त नागपूरच्या पिनकोडांवर वेगळी चाचणी लावायची, तिथे पुरेशी माणसं येत असतील तर.

मालकीणबाई नवी स्क्रीन लावतील, पण मी त्यांच्या जागी असतो तर ती १०० टक्के लोकांना दाखवली नसती. १० टक्के गिऱ्हाइकांना, त्याच नाणेफेकीने, आणखी तीन महिने जुनीच स्क्रीन दिसू द्यावी. ही चाचणी साध्या तीन आठवड्यांत झाली, लग्नसराईत किंवा दिवाळीत भेट म्हणून चादरी घेणारं गिऱ्हाईक तिने पाहिलेलंच नाही. पहिल्यांदा यूपीआयने पैसे देणारे दुसऱ्या खरेदीला परत येतात का, हेही २१ दिवसांत दिसत नाही. तीन महिन्यांनी या १० टक्क्यांची तुलना उरलेल्या ९० शी करायची, तेच माप, तीच १५ दिवसांची मुदत. आणि तुलना कोणत्या तारखेला करायची, ती तारीख आजच लिहून ठेवायची.